ताटीपलीकडचा श्रोता : मुक्ताबाईंच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर आणि श्रवणटीप

संत मुक्ताबाईंची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून आषाढीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा तिची वाट आमच्या मोताळा तालुक्यातून बुलढाण्याकडे जाते. धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांतील भजनी मंडळांत मुक्ताबाईंचे अभंग आवडीने गायिले जातात, याला हे सान्निध्यही एक कारण असावे. अलीकडे या भजनांना एक नवा श्रोता लाभला आहे. घरातील मुले-नातवंडे परदेशी स्थायिक झालेली असतात, त्यांच्याकडे भजनाची ध्वनिमुद्रणे जातात आणि मग विचारणा होते की, या ओळींचा इंग्रजी अर्थ व सोबत दोन शब्दांची माहिती कोणी देईल काय? मराठीच्या प्राध्यापकाकडे असे काम हमखास येते. ते किरकोळ समजून उरकले जाते, असा माझा अनुभव आहे. वस्तुतः भाषांतर-अभ्यासातील एक अवघड प्रश्न त्यात दडलेला आहे. प्रस्तुत लेखात तो प्रश्न ‘ताटीचे अभंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनांच्या आधारे तपासावयाचा आहे.

संतकाव्याच्या इंग्रजी भाषांतराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी तुकारामांच्या अभंगांचे गद्य भाषांतर १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत सिद्ध केले. जस्टिन अॅबट यांनी १९२९ मध्ये बहिणाबाईंचे आत्मचरित्र व अभंग इंग्रजीत आणले. दिलीप चित्रे यांचे ‘सेज तुका’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथांची गुणवत्ता वेगवेगळी असली, तरी ते सारे वाचकाला समोर ठेवून केलेले आहेत. वाचक थांबू शकतो, तळटीप पाहू शकतो, प्रस्तावनेकडे परत जाऊ शकतो. श्रोत्याला ही सवलत नाही. तंबोरा लागतो, टाळ सुरू होतात आणि पहिला शब्द कानावर येतो. त्यापूर्वी जे सांगितले गेले आणि जे लक्षात राहिले, तेवढेच त्याचे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी अनेक ओव्या २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने ध्वनी-चित्रांसह इंग्रजीत आणल्या. तेथेही ओवीपूर्वी लहानसे निवेदन येते, कारण त्यावाचून ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागाच मिळत नाही. या निवेदनाला मी येथे ‘श्रवणटीप’ असे म्हणतो.

तिच्या लांबीचा विचार आधी करू. इंग्रजीत स्वस्थपणे बोलणारा निवेदक मिनिटाला सुमारे एकशे तीस ते एकशे पन्नास शब्द बोलतो. गाण्यापूर्वी अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक निवेदन झाले की श्रोत्याचे मन गायकाकडे वळते, हे कोणत्याही कार्यक्रमात पाहता येईल. म्हणजे साठ, फार तर सत्तर शब्द एवढेच भांडवल. ते कशावर खर्च करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

आता ताटीच्या अभंगांकडे वळू. परंपरेने सांगितलेला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या दुर्वर्तनाने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहिली आणि तिने त्यांची समजूत घातली. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा व मुक्ताबाईंचा १२७९ चा, म्हणजे दोघांत अवघे चार वर्षांचे अंतर. अभंगांची संख्या सर्व गाथांत सारखी नाही. गाताना तर मंडळी आपल्या सोयीने आठ-दहा कडवी निवडतात. मात्र प्रत्येक कडव्यानंतर ताटी उघडण्याची विनवणी करणारे ध्रुपद परत येते.

भाषांतरकाराला पहिली अडचण येते ती ‘ताटी’ या शब्दाचीच. इंग्रजीत सहज सुचणारा शब्द ‘डोअर’. तो घेतला की श्रोत्याच्या डोळ्यांपुढे लाकडी दार, बिजागऱ्या, कडी आणि कुलूप उभे राहते. ‘गेट’ घेतला तर तो स्वर्गाच्या दाराकडे जातो, कारण इंग्रजी भक्तिगीतांनी त्या शब्दाला तेच वळण लावले आहे. ‘स्क्रीन’ म्हटले की आजच्या श्रोत्याला भलतेच दिसते. शब्दकोशाचा आधार घेणाऱ्याला आणखी एक धोका आहे. ताटी या शब्दाला तिरडी असाही अर्थ आहे आणि निव्वळ कोश उघडून बसणाऱ्या परभाषिकाने तो उचलला, तर अभंगाचा अनर्थ होईल.

म्हणून वस्तू काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आमच्या वऱ्हाडात शेतातील खोपीला किंवा गोठ्याला अजूनही ताटी दिसते. बांबूच्या कामट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या-उभ्या बांधून केलेली ती हलकी चौकट असते. ती दोरीने अडकवतात किंवा नुसती टेकवून ठेवतात. तिच्यातून उजेड येतो, वारा येतो आणि बाहेरच्याचे बोलणे आत स्पष्ट ऐकू जाते. कुत्र्या-गुरांना अडवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. मनात आणले तर लहान मुलानेही ती हाताने बाजूला सारावी.

या वस्तुस्थितीत अभंगाचा गाभा आहे, असे मला वाटते. मुक्ताबाईला ताटी सारता येत नव्हती, म्हणून ती विनवते आहे असे नव्हे. ती सहज सारता येण्याजोगी असूनही ती सारत नाही. ज्याने लावली त्यानेच ती उघडावी, असा तिचा आग्रह आहे. आत बसलेल्याला तिचा प्रत्येक शब्द ऐकू येतो आहे, हेही आपल्याला माहीत असते. ‘डोअर’ या शब्दाने ही दोन्ही सूत्रे तुटतात. भक्कम दाराबाहेर उभी राहिलेली मुलगी केविलवाणी होते आणि तिची वाणी दारावरच्या थापेसारखी वाटू लागते. मूळ रचनेत ती केविलवाणी मुळीच नाही.

मग काय करावयाचे? येथे वाचक आणि श्रोता यांतील भेद आपल्या उपयोगी पडतो. दहा कडवी गायिली आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद दोनदा घोळवले, तर ‘ताटी’ हा शब्द श्रोत्याच्या कानावर वीस वेळा पडतो. वीस वेळा ऐकू येणारा शब्द भाषांतरात पुसून टाकणे हा अव्यापारेषु व्यापार होय. तो शब्द तसाच ठेवावा, त्याचे रूप टिपेत एकदा सांगावे, आणि गाणे संपेपर्यंत तो श्रोत्याचा होऊन जातो. उलट जो शब्द एकाच कडव्यात एकदाच येतो, तो राखून ठेवण्यात अर्थ नाही. टिपेत सांगितलेला तो शब्द येईपर्यंत श्रोता विसरलेला असतो. तेव्हा कोणता शब्द मूळचा ठेवावा, याचा निर्णय शब्दाच्या सांस्कृतिक मोठेपणावरून न करता तो किती वेळा ऐकू येणार आहे यावरून करावा, असे मी सुचवीन. छापील पुस्तकासाठी हा नियम कदाचित लागू पडणार नाही.

ध्रुपदातील दुसरी गोष्ट क्रियापदाची आहे. मुक्ताबाई ‘उघड’ म्हणत नाही, ‘उघडा’ म्हणते. वडील भाऊ म्हणून असलेला हा आदर तिच्या कानउघाडणीला वेगळीच धार देतो. बोलणे उपदेशाचे, व्याकरण आदराचे. इंग्रजी आज्ञार्थाला हा भेद दाखवता येत नाही, आणि ‘प्लीज’ जोडल्याने तो साधत नाही, कारण त्याने आदराऐवजी याचना येते. भाषांतरात जे होऊ शकत नाही, ते टिपेने उचलावे. ‘धाकटी बहीण’ हे दोन शब्द टिपेत असले की श्रोता स्वरातील नाते स्वतःच लावून घेतो.

आता प्रत्यक्ष टीप. विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेताना दोन प्रकारच्या टिपा हटकून समोर येतात. पहिली चरित्रात्मक असते. संन्याशाची मुले, आळंदीचा बहिष्कार, पैठणचे शुद्धिपत्र, रेड्यामुखी वेद, असे सारे तीत येते आणि दोनशे शब्द होतात. ऐकणाऱ्या परक्या माणसाच्या मनात त्यांतील रेडा तेवढा पक्का राहतो, आणि गाणे संपेपर्यंत तो त्याची वाट पाहत बसतो. दुसरी टीप तात्त्विक असते. ताटी म्हणजे अहंकार किंवा अज्ञान, ती उघडणे म्हणजे आत्मबोध, असे ती सांगते. हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही, पण गाण्यापूर्वी तो सांगून टाकला की श्रोत्याला ऐकण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक वेळी ‘ताटी’ ऐकताच तो मनात ‘अहंकार’ असे म्हणू लागतो. झोपडी, भाऊ, बहीण, सारे पुसले जाते. शिवाय तो अर्थ एकट्या ज्ञानेश्वरांना अज्ञानी ठरवतो, आणि ते अभंगाच्या भावाला धरून नाही.

तिसरा प्रकार मला इष्ट वाटतो. टीप अर्थातच इंग्रजीत द्यावयाची, येथे तिचा मराठी आशय देतो : ‘तेराव्या शतकातील महाराष्ट्र. लोकांच्या वागण्याने दुखावलेला एक तरुण संतकवी झोपडीत एकटा जाऊन बसला आहे. त्याने ताटी लावून घेतली आहे. ताटी म्हणजे काड्या-कामट्यांचे हलके दार. ते हाताने सारता येते, त्यातून बोलणे आत ऐकू जाते. बाहेर त्याची धाकटी बहीण उभी आहे. ती ताटीला हात लावत नाही. ती गाते आहे.’ इंग्रजीत हे साठ-पासष्ट शब्दांत बसते. स्थळ, वस्तू आणि दोन माणसे एवढेच त्यात आहे. ज्ञानेश्वर या नावाचा अर्थ सांगावा काय, असा प्रश्न येईल. ज्ञानाच्या ईश्वरानेच रुसून बसावे, यातील सूक्ष्म विनोद मला मोहात पाडतो खरा, पण एवढ्या जागेत तो बसत नाही. ए. के. रामानुजन यांनी ‘स्पीकिंग ऑफ शिव’ (१९७३) मध्ये बसवण्णांच्या कूडलसंगमदेवाचे ‘लॉर्ड ऑफ द मीटिंग रिव्हर्स’ केले, ते देवाचे नाव होते आणि वाचकासाठी होते. समोर गायक ‘ज्ञानेश्वरा’ अशी हाक मारत असताना भाषांतराने त्या हाकेचे वाक्य करू नये.

टीप साधली की नाही, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. ती एकदा मोठ्याने वाचावी, कागद काढून घ्यावा, ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि मग ऐकणाऱ्याला एवढेच विचारावे : आत कोण आहे, बाहेर कोण आहे, आणि त्यांच्यामध्ये काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला ‘बंद दरवाजा’ असे उत्तर आले तर टीप फसली. ‘जिच्यातून ऐकू येते अशी वस्तू’ अशा आशयाचे उत्तर आले, तर पुढे काही सांगावे लागत नाही. हा प्रयोग परदेशस्थांवरच करावा असे नाही. पुण्या-मुंबईच्या मराठी मुलांनीही ताटी पाहिलेली नसते.

कडव्यांतील प्रतिमांकडे वळले की असे दिसते की त्यांतील बऱ्याच प्रतिमांना टिपेची गरजच नाही. आपलाच हात आपल्याला लागला तर त्याचा खेद कोण करतो, आणि दातांनी जीभ चावली म्हणून बत्तिशी पाडून टाकतो काय, अशा आशयाचा दृष्टांत मुक्ताबाई देतात. हे जगातील कोणालाही कळते. अडचण आहे ती भाषांतरकाराच्या उत्साहाची. येथे इंग्रजीतील एक तयार म्हण हात जोडून उभी असते : तोंडावर राग काढण्यासाठी नाक कापून घेण्याची. ती घेतली की भाषांतर सफाईदार वाटते आणि अर्थ मात्र बदलतो. त्या म्हणीत रागाच्या भरात स्वतःचे नुकसान करून घेणाऱ्या मूर्खाची थट्टा आहे. मुक्ताबाईंचा मुद्दा वेगळा आहे. दुखावणारे दात आणि दुखावलेली जीभ एकाच तोंडात आहेत, म्हणजे निंदा करणारे लोकही परके नाहीत. म्हण नाकारून दात आणि जीभच ठेवली पाहिजे. ‘बत्तिशी’तला घरगुती ठसका इंग्रजीत येत नाही, तो सोडून द्यावा.

विश्व हे वस्त्र आणि ब्रह्म हा त्यातील धागा, ही वेदान्तातील जुनी प्रतिमाही या अभंगांत येते. इंग्रजीत येथे ‘टॅपेस्ट्री’ हा शब्द फार लवकर सुचतो आणि तो भारदस्तही वाटतो. पण त्या शब्दात अनेक रंगांचे धागे आणि त्यांतून विणलेले चित्र आहे. विविधतेचे कौतुक करताना इंग्रजी लेखक तो वापरतात. मूळ प्रतिमा याच्या अगदी उलट आहे. कापड वेगळे दिसत असले तरी त्यात धाग्यावाचून दुसरे काहीच नाही, एवढेच तिला म्हणावयाचे आहे. तेव्हा साधे ‘क्लॉथ’ आणि ‘थ्रेड’ हेच शब्द घ्यावेत. ते घेतले तर टीप लागत नाही, आणि ‘टॅपेस्ट्री’ घेतले तर कोणतीही टीप पुरत नाही. पुष्कळदा टिपेची गरज चुकीच्या शब्दनिवडीतून निर्माण होते, हे येथे चांगले दिसते. ‘ब्रह्म’ मात्र तसेच राहू द्यावे. त्याचे ‘गॉड’ केले तर तो धागा कापडाबाहेर जाऊन विणकर होऊन बसतो.

सर्वांत कठीण शब्द ‘तारणे’ हा आहे. आपण तरून विश्वाला तारावे, असे मुक्ताबाई भावाला सांगतात. इंग्रजीत ‘सेव्ह’ हे क्रियापद इतके जवळचे आहे की ते टाळणे अनेकांना आडमुठेपणाचे वाटेल. तथापि त्या शब्दामागे पाप, शिक्षा आणि त्यातून सोडवणारा त्राता ही सारी ख्रिस्ती मांडणी उभी आहे. इंग्रजी भाषिक श्रोता, तो धार्मिक असो वा नसो, ती मांडणी ऐकतोच. ‘तरणे’ या क्रियापदात पाणी आहे. पलीकडचा तीर आहे. ‘तरणे’ आणि ‘तारणे’ ही एकाच धातूची रूपे आहेत, आणि जो स्वतः पार जातो तोच दुसऱ्याला पार नेतो, हे नाते त्या रूपांतच दिसते. ‘सेव्ह’ने ते तुटते, कारण वाचवणाऱ्याला स्वतः बुडण्याची भीती नसते. ‘क्रॉस’ आणि ‘कॅरी अक्रॉस’ ही जोडी काव्यदृष्ट्या थोडी रुक्ष आहे, पण नाते राखते. भवसागराची कल्पना श्रोत्याला नवी असेल, म्हणून भाषांतराच्या ओळीतच ‘नदी’ किंवा ‘पाणी’ असा एक शब्द वाढवावा. मुळात नसलेला शब्द घालणे शुद्धतावाद्यांना रुचणार नाही. मराठी श्रोत्याला तो क्रियापदात ऐकू येतो, इंग्रजी श्रोत्याला येत नाही, एवढेच माझे समर्थन.

मुक्ताबाई स्वतःचा निर्देश ‘लडिवाळ’ असा करतात, त्याविषयी फार लिहीत नाही. विश्वाला तारण्याची जबाबदारी भावावर टाकणारी ही बहीण स्वतःला लाडकी, लाडावलेली म्हणते. ‘बिलव्हेड’ या शब्दात तो खट्याळपणा नाही. ‘स्पॉइल्ड’मध्ये दोष अधिक आहे. मी ‘पेटेड’ हा शब्द वापरून पाहिला आहे, पण त्यावर समाधानी नाही.

येथवरच्या विवेचनातून असा समज होऊ नये की प्रसंग आणि वस्तू सांगितली की श्रवणटिपेचे काम सर्वत्र भागते. मुक्ताबाईंच्याच नावावर असलेला एक प्रसिद्ध कूट अभंग आहे. आकाशात झेप घेऊन सूर्य गिळणारी मुंगी, वांझेला झालेला पुत्र, पाताळात गेलेल्या विंचवाच्या पाया पडणारा शेष, अशी अघटिते तो एकामागून एक मांडतो. त्याला प्रसंग नाही, बोलणारे दोघे नाहीत. टिपेत अर्थ न सांगावा तर परका श्रोता गोंधळेल, आणि सांगावा तर मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे अमुक, अशी यादी होईल. त्या यादीवर तरी कीर्तनकारांचे एकमत कोठे आहे? प्रत्येक जण आपल्या संप्रदायाप्रमाणे ती उलगडतो, आणि उलगडतो तीही गायनानंतर.

माझ्या मते येथे टिपेने प्रकार तेवढा सांगावा. हे कोडे आहे, ऐकणाऱ्याला अडवण्यासाठीच ते रचलेले आहे, आणि या प्रदेशात असे कोडे आधी गातात, मग त्यावर बोलतात. एवढे सांगितले म्हणजे आपल्याला काही कळत नाही ही श्रोत्याची भावना अपमानाची राहत नाही. वस्तूविषयीची टीप फक्त शेषाला लागते. पृथ्वी ज्याच्या मस्तकावर टेकली आहे तो सर्प, एवढे सांगितल्यावाचून विंचवापुढे त्याने वाकण्यातील अघटित कळत नाही. मुंगी, सूर्य, वांझ आणि विंचू यांना काही लागत नाही. हा अभंग मुक्ताबाईंच्या हसण्यावर संपतो. सगळी अघटिते पाहून त्या हसतात. इंग्रजी पत्रिकेवर अर्थाची यादी छापली असेल, तर श्रोता या ठिकाणी खाली मान घालून वाचत असतो आणि ते हसणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पत्रिका कोरी असेल, तर तो निदान गायिकेच्या तोंडाकडे पाहत असतो.